झोन आलाच नाही, हे एसओपीत लिहायचं!



नोव्हेंबर उजाडला की माझ्या फोनवर एसओपी येऊन पडायला लागतात. ‘दादा, जरा नजर टाका’, ‘सर, आजच बघाल का’. अमेरिकेतल्या पीएचडीच्या बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबरात संपते, म्हणून ही घाई. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घ्या किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज घ्या, विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात नसेल तर पुढचं सगळं हवेतच. आणि प्रवेशासाठी जे कागद जातात त्यातला एकच कागद अर्ज करणाऱ्याच्या पूर्ण ताब्यात असतो. गुणपत्रिका छापून झालेली असते, शिफारसपत्र दुसरं कोणीतरी लिहितं. एसओपी मात्र आपली. तीच आपण दुसऱ्याच्या सल्ल्याने वाया घालवतो, म्हणून हा लेख.

सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, रसायनशास्त्र यांत एमएस्सी केलेल्या आपल्या पोरापोरींच्या एसओपीत एक वाक्य मला इतक्या वेळा भेटलंय की ते पाठ झालंय. ‘अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्कापासून मी चांदीचे नॅनोकण यशस्वीरीत्या तयार केले आणि त्यांची जिवाणूविरोधी क्षमता उत्कृष्ट आढळली.’ वनस्पती तेवढी बदलते. कडुनिंब, तुळस, शेवगा, पेरू. हा प्रकल्प आपल्या कॉलेजांत एवढा का चालतो, हे उघड आहे. खर्च कमी, सिल्व्हर नायट्रेटची एक बाटली बरेच दिवस पुरते, पानं आवारातच मिळतात, आणि मिश्रणाचा रंग तपकिरी झाला की सगळ्यांना बरं वाटतं. मी प्रकल्पाला नावं ठेवत नाही. मीही माझ्या काळात असलेच उद्योग केलेत. भांडण त्या वाक्याशी आहे. ते वाचून समोरच्या प्राध्यापकाला अर्जदाराबद्दल काहीही कळत नाही, कारण तेच वाक्य त्याच्या टेबलावरच्या आणखी अनेक अर्जांत असतं.

मराठवाड्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव आणि कॉलेज सांगत नाही, गरज नाही. तिने पेरूच्या पानांचा अर्क काढला, एक मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या ९० मिली द्रावणात १० मिली अर्क घातला, रंग पिवळ्यावरून तपकिरी झाला. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४३० नॅनोमीटरच्या आसपास शिखर आलं. चांदीच्या नॅनोकणांचं शिखर साधारण ४०० ते ४५० मध्ये येतं, म्हणजे कण झाले होते. मग नेहमीची चाचणी. अगरच्या प्लेटवर ई. कोलाय पसरवायचे, सहा मिलिमीटरची भोकं पाडायची, त्यात मिश्रण भरायचं, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी भोकाभोवती १४ मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ. त्याला झोन म्हणतात. तिथे जिवाणू वाढलेच नाहीत. डेझर्टेशन झालं, बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले, ग्रेड मिळाली.

निकाल लागल्यावर पेपर लिहायचा म्हणून ती पुन्हा प्रयोगशाळेत बसली आणि तिला एक साधा प्रश्न पडला. जिवाणू मारले कोणी? नॅनोकणांनी, की मिश्रणात शिल्लक राहिलेल्या, कण न झालेल्या चांदीच्या आयनांनी? हा प्रश्न काही आकाशातून पडलेला नाही. सिल्व्हर नायट्रेट जिवाणू मारतं हे जगाला फार आधीपासून ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत नवजात बाळांच्या डोळ्यांत त्याचे थेंब घालत, जंतुसंसर्गाने आंधळेपण येऊ नये म्हणून. मग ज्या बाटलीतून सुरुवात केली तीच जर जिवाणू मारत असेल, तर शेवटी दिसलेला झोन पेरूच्या पानांच्या नावावर जमा करण्याआधी हिशेब बघायला नको?

तिने हिशेब बघितला. मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये १२ हजार फेऱ्यांवर फिरवलं. कण तळाशी बसले, वरचा द्रव वेगळा काढला, कण तीन वेळा डिस्टिल्ड पाण्याने धुतले आणि पुन्हा पाण्यात मिसळले. मग एकाच प्लेटवर सगळे उमेदवार शेजारी शेजारी बसवले. न धुतलेलं मिश्रण, धुतलेले कण, वरचा द्रव, नुसतं सिल्व्हर नायट्रेट, नुसता अर्क, नुसतं पाणी, आणि एक अँटिबायोटिकची चकती. सकाळी बघितलं तर न धुतलेल्या मिश्रणाला १४ मिलिमीटर, सिल्व्हर नायट्रेटला १५, वरच्या द्रवाला १३. अर्क आणि पाणी कोरडे. आणि धुतलेले कण, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांच्या भोवती काही नाही. जिवाणूंचा थर भोकाच्या काठापर्यंत. तीन प्लेटा लावल्या होत्या, तिन्हींत तेच. आठवड्याने पुन्हा लावल्या, पुन्हा तेच.

गाईडना दाखवलं. ते म्हणाले, ‘धुताना कण वाया गेले असतील. ही प्लेट बाजूला ठेव.’

तिने ठेवली. आणि एसओपीत लिहिलं, ‘जिवाणूविरोधी क्षमता उत्कृष्ट आढळली.’

पुढे एका विद्यापीठातून व्हिडिओ मुलाखत आली. तिथल्या प्राध्यापिकेने तिसराच प्रश्न विचारला, ‘चांदीच्या आयनांचा कंट्रोल काय होता?’ मुलगी खरी. तिने सगळं सांगितलं, आकड्यांसकट. बाई ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘हे फारच चांगलं काम आहे. पण तुमच्या एसओपीत तर याच्या उलट लिहिलंय.’ यावर ती काय बोलणार? निवड झाली नाही. ती याच कारणाने झाली नाही असं मी म्हणणार नाही, आतलं कोणालाच माहीत नसतं. पण त्या क्षणी ती पडद्यासमोर कशी बसली असेल, याचा विचार करा. जगातली तिची सगळ्यात भक्कम गोष्ट तिने स्वतःच पुरून टाकली होती, आणि ती समोरच्या बाईंनी उकरून काढली.

आता जे लोक ‘अपयश लिहू नका’ सांगतात त्यांच्याकडे वळू. पण आधी एक घोळ निस्तरायला हवा, कारण तो त्यांच्या आणि आपल्याही डोक्यात आहे. फसलेला प्रयोग आणि नकारात्मक निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लेटवर बुरशी चढली, अँटिबायोटिकच्या चकतीभोवतीही झोन आला नाही, जिवाणूंचा थर ठिकठिकाणी विरळ होता, तर तो प्रयोग फसला. त्याने कसलंच उत्तर दिलं नाही, ना होकार ना नकार. या मुलीच्या प्लेटवर अँटिबायोटिकचा झोन जसा यायला हवा तसा आला होता, थर सगळीकडे सारखा होता, पाण्याला काही आलं नव्हतं. म्हणजे प्लेट शहाणी होती. तिला प्रश्न विचारला आणि तिने ‘नाही’ असं उत्तर दिलं. हे ओळखायचं साधन एकच, कंट्रोल. ज्याच्याकडे कंट्रोल नाही त्याने ‘माझा निष्कर्ष नकारात्मक आला’ असं लिहू नये. त्याने ‘माझा प्रयोग उत्तर देऊ शकला नाही, कारण अमुक कंट्रोल मी ठेवला नव्हता’ असं लिहावं. तेही लिहिण्यासारखं आहे, पण ते वेगळं वाक्य आहे. दोन्ही एकत्र कालवली की वाचणाऱ्याला लगेच कळतं की पोराला फरक माहीत नाही.

सल्ला देणारी पहिली टोळी म्हणजे पैसे घेऊन एसओपी लिहून देणारी दुकानं. त्यांचं म्हणणं, ‘एसओपी म्हणजे स्वतःची जाहिरात. जाहिरातीत कोणी दोष सांगतं का?’ साबणाच्या जाहिरातीत सांगत नाहीत, बरोबर. पण पीएचडीला घेणारा माणूस साबण विकत घेत नसतो. तो पाच-सहा वर्षं आपल्या प्रयोगशाळेत एक माणूस ठेवणार असतो, त्याच्या हाती महागडी यंत्रं देणार असतो, आणि त्या माणसाने आणलेल्या आकड्यांवर स्वतःचं नाव लावून पेपर छापणार असतो. संशोधनात आठवड्यामागून आठवडे काही मिळत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? त्याची भीती वेगळी असते. हा पोरगा मला नको असलेला निकाल दाखवेल, की प्लेट बाजूला ठेवेल? ‘यशस्वीरीत्या’ हा शब्द त्या भीतीवर काहीही उपाय करत नाही. बाजूला न ठेवलेली प्लेट करते.

याच दुकानदारांनी आता नवा माल काढलाय. त्यांना कुठून तरी कळलंय की परदेशात ‘अपयशातून शिकलो’ हे आवडतं. मग ते लिहून देतात, ‘माझा प्रयोग अनेकदा अयशस्वी झाला, पण मी हार मानली नाही, या अनुभवाने मला चिकाटी शिकवली.’ यात प्रयोग कुठाय? काय अपेक्षित होतं, काय आलं, कशावरून ठरवलं, पुढे काय केलं? काहीच नाही. हे वाक्य क्रिकेटपटूच्या, वडापावच्या गाडीवाल्याच्या, कोणाच्याही तोंडी शोभेल. वैज्ञानिक जाण चिकाटीच्या कौतुकात दिसत नसते. धुतलेल्या कणांना झोन नाही आला याचा अर्थ काय काय असू शकतो, हे मांडण्यात ती दिसते.

आणि इथे मुलीचं खरं काम सुरू होतं. दुसऱ्या वर्षी आम्ही तिच्या परिच्छेदावर बसलो तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, ‘पेरूच्या पानांपासून केलेल्या नॅनोकणांत जिवाणूविरोधी क्षमता नाही, हे मी सिद्ध केलं.’ मी म्हटलं, बाई गं, एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारलीस. झोन येण्यासाठी पदार्थ अगरमधून पसरावा लागतो. आयन छोटे, ते सहज पसरतात. कण त्यांच्या मानाने अवाढव्य, ते भोकातच अडकून बसू शकतात. म्हणजे कण जिवाणू मारत असतील, पण जिवाणूंपर्यंत पोहोचतच नसतील. दुसरं, गाईड म्हणाले ते अगदीच खोटं नव्हतं. धुताना कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, मग त्यांचा प्रभाव घटतो. हे तपासायची सोय तिच्याकडेच होती. धुण्याआधीचा आणि धुतल्यानंतरचा स्पेक्ट्रम शेजारी ठेवला तर शिखर जागच्या जागी होतं, पण थोडं बुटकं आणि पसरट झालं होतं. म्हणजे थोडे कण गेले, थोडे गोळे झाले, पण सगळे संपले नव्हते. तेव्हा ‘कण वाया गेले’ एवढ्यावर शून्य झोन समजावता येत नाही. आणि वरच्या द्रवाचा १३ मिलिमीटरचा झोन तर गाईडच्या स्पष्टीकरणात बसतच नाही.

इंग्रजीत गेला तो परिच्छेद मराठीत सांगायचा तर साधारण असा होता:

‘पेरूच्या पानांच्या अर्काने तयार केलेल्या चांदीच्या नॅनोकणांमुळे ई. कोलायची वाढ थांबते, असं मी डेझर्टेशनमध्ये नोंदवलं होतं. त्या प्रयोगात चांदीच्या आयनांचा कंट्रोल मी ठेवला नव्हता. नंतर तो ठेवल्यावर सिल्व्हर नायट्रेट आणि सेंट्रिफ्यूजनंतरचा वरचा द्रव यांनी मूळ मिश्रणाइतकाच झोन दिला, तर धुतलेल्या कणांनी दिला नाही. दोन वेगळ्या दिवशी, प्रत्येकी तीन प्लेटांवर हेच दिसलं. त्यामुळे माझा आधीचा झोन मुख्यतः शिल्लक आयनांमुळे होता असं आता मला वाटतं. मात्र अगरमध्ये कण नीट पसरत नाहीत, म्हणून या चाचणीवरून कण निष्प्रभ आहेत असं म्हणता येत नाही. ते ठरवण्यासाठी धुतलेले कण, वरचा द्रव आणि सिल्व्हर नायट्रेट यांची द्रव माध्यमात, चांदीचं प्रमाण समान ठेवून तुलना करावी लागेल. कण आणि आयन यांचा परिणाम वेगळा कसा करायचा, हाच प्रश्न मला तुमच्या विभागाकडे घेऊन येतो.’

बघा, यात रडगाणं नाही, फुशारकी नाही, कॉलेजला शिव्या नाहीत. ‘आमच्याकडे यंत्रं नव्हती’ हे तिला लिहायचं होतं, आणि ते खरंही होतं. द्रावणात नेमकी किती चांदी उरली हे मोजायचं यंत्र तिच्या विभागात नव्हतं. पण ते तक्रार म्हणून लिहिलं की वाचणारा सहानुभूती दाखवून पान उलटतो. म्हणून यंत्राचं नाव काढलंच नाही, फक्त कोणती मोजणी बाकी आहे ते प्रश्नातून दिसू दिलं. परिच्छेद एसओपीच्या मध्यावर, संशोधनाच्या अनुभवात ठेवला. सुरुवातीला ठेवला असता तर सगळी एसओपी माफीनाम्यासारखी वाचली गेली असती.

आता आपल्या घरातला विरोध. तो दुकानदारांपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो मनापासून येतो. आपले वडीलधारे कार्यकर्ते म्हणतात, ‘आपल्या पोरांकडे आधीच मेरिटच्या नावाने बोट दाखवतात. त्यात स्वतःच्या हाताने चूक लिहून द्यायची? वरच्यांच्या पोरांनी चूक सांगितली तर तो प्रामाणिकपणा, आपल्या पोराने सांगितली तर ते म्हणणार बघा, कोट्यातला.’

हे खोटं आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. ज्याने तोंडी परीक्षेत आडनाव विचारून झाल्यावर मगच विषयाचा प्रश्न ऐकलाय, त्याला ‘मोकळेपणाने चुका सांगा’ असं सांगणं सोपं नाही. विभागातल्या मौखिकीत हा परिच्छेद तसाच्या तसा वाचून दाखव, असं मी त्या मुलीला सांगितलं नसतं. पण ती शहाणपणाची सवय आपण चुकीच्या दारात घेऊन जातोय. तिकडे अर्ज वाचणारा मुख्यतः प्रयोगाची भाषा वाचतो. आणि लपवण्याची किंमतही आपल्याच पोराला जास्त पडते. मोठ्या संस्थेतल्या पोराकडे नामवंत गाईडचं शिफारसपत्र असतं, परदेशी उन्हाळी इंटर्नशिप असते. त्याची एसओपी पोकळ असली तरी बाकीचे कागद त्याला सावरतात. आपल्या पोरीकडे काय होतं? सहा भोकांची एक प्लेट. एका साध्या कॉलेजात, कोणीही न सांगता, स्वतःच्याच ग्रेड मिळालेल्या निकालावर शंका घेऊन तिने ती लावली होती. हे काढून घेतलं तर तिच्या अर्जात उरतं ते ‘उत्कृष्ट आढळली’.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे नको म्हणेन. निव्वळ निष्काळजीपणाची चूक एसओपीत घालू नका. ऑटोक्लेव्ह लावायला विसरलो, बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या, यात वाचणाऱ्याला काही मिळत नाही. ज्या चुकीमुळे तुमचा प्रश्नच बदलला, तीच लिहिण्याच्या लायकीची.

त्याच दुकानदारांची आणखी एक करामत इथे सांगून ठेवतो. आपला पोरगा समोर बसला की ते त्याच्याकडून वस्तीची, आईच्या धुणीभांड्याची, वडिलांच्या मजुरीची कहाणी काढून घेतात आणि ती एसओपीच्या पहिल्या परिच्छेदात ओततात. प्रयोग मग तीन ओळींत गुंडाळला जातो. ती कहाणी सांगू नये असं कोण म्हणतंय? बर्कलीसारख्या ठिकाणी त्यासाठी वेगळा निबंधच मागतात, पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट. तिथे ताठ मानेने सांगा. पण आपलं दुःख आणि आपला फसलेला झोन यांची अदलाबदल करू देऊ नका. एक आपल्यावर लादलेलं आहे, दुसरं आपण शोधून काढलेलं आहे.

राहता राहिले गाईड. ही अडचण खरी आहे, कारण शिफारसपत्र त्यांचंच जातं. पत्रात ‘उत्कृष्ट क्षमता सिद्ध केली’ आणि एसओपीत ‘झोन आयनांचा होता’ असं गेलं तर समिती गोंधळते आणि शंका विद्यार्थ्यावर येते. म्हणून एसओपी पाठवण्याआधी तो परिच्छेद गाईडना दाखवायचाच. मुलगी घाबरली होती. मी तिला एवढंच सुचवलं की परिच्छेदात गाईडचा उल्लेख कुठेच ठेवू नकोस, ‘मी कंट्रोल ठेवला नव्हता’ असंच लिही, आणि दाखवताना दोन्ही दिवसांच्या प्लेटांचे फोटो बरोबर ने. ती गेली. सरांनी परिच्छेद दोनदा वाचला, फोटो बघितले, बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘वरच्या द्रवाला पिवळसर झाक होती का?’

होती. फिकट, पण होती. म्हणजे अगदी बारीक कण सेंट्रिफ्यूजमध्ये खाली न बसता वरच राहिले असण्याची शक्यता आहे, आणि तो १३ मिलिमीटरचा झोन सगळाच्या सगळा आयनांचा म्हणता येत नाही. आमच्या दोघांच्याही हे लक्षात आलं नव्हतं. तिने घरी येऊन परिच्छेद पुन्हा उघडला. वरच्या द्रवाच्या वाक्यापुढे एक ओळ वाढवली, ‘या द्रवाला फिकट पिवळी छटा होती, त्यामुळे त्यात सूक्ष्म कण शिल्लक असू शकतात.’ ‘मुख्यतः शिल्लक आयनांमुळे’ च्या जागी ‘बऱ्याच अंशी शिल्लक आयनांमुळे असावा’ असं केलं. सरांनी त्याच आठवड्यात शिफारसपत्र नव्याने लिहायला घेतलं, आणि त्यासाठी त्या प्लेटांचे फोटो स्वतःकडे मागून घेतले.

जय भीम.